पंचम, सप्तम, नवम : पत्रिकेत प्रेमविवाह कसा पाहतात

विवाह प्रेमातून होईल की घरच्यांनी ठरवून, हे जन्मपत्रिकेवरून सांगताना ज्योतिषी प्रामुख्याने तीन स्थाने पाहतो. पंचमस्थानावरून मनाची ओढ, सप्तमस्थानावरून प्रत्यक्ष विवाह आणि नवमस्थानावरून वडीलधाऱ्यांची संमती व कुळाची रीत पाहिली जाते. या तिघांपैकी कोणाचा कोणाशी संबंध जुळतो आणि तो किती बळकट आहे, यावर सगळे भाकीत उभे असते. शुक्र-मंगळ एकत्र दिसले की प्रेमविवाह, शनी सप्तमात दिसला की ठरवून, अशी एका ओळीची सूत्रे सर्रास ऐकू येतात. शास्त्राच्या स्वतःच्या नियमांनी पाहिले तरी ती अपुरी आहेत, कारण असा एखादा योग फार मोठ्या संख्येने लोकांच्या पत्रिकांत सापडतो. म्हणून या तीन स्थानांचा विचार मुळात कसा बांधला आहे, तो एखाद्या पत्रिकेवर कसा लावतात आणि कुठे फसतो, हे क्रमाने पाहावे लागते.

तीन स्थाने, तीन प्रश्न

जन्मवेळी पूर्व क्षितिजावर जी रास उदय पावत असते ते लग्न, म्हणजे प्रथमस्थान. तिथून मोजत गेले की पाचवी रास पंचमस्थानात, सातवी सप्तमस्थानात आणि नववी नवमस्थानात येते. प्रत्येक राशीला एक स्वामी ग्रह असतो. पंचमातल्या राशीचा स्वामी तो पंचमेश, सप्तमातल्या राशीचा सप्तमेश आणि नवमातल्या राशीचा नवमेश किंवा भाग्येश. विवाहाच्या प्रकाराचा विचार करताना स्थानात कोणते ग्रह बसले आहेत हे जितके महत्त्वाचे, तितकेच हे तीन स्वामी कुठे जाऊन बसले आहेत हेही महत्त्वाचे असते.

सप्तमस्थान जोडीदाराचे, हे सर्व परंपरांना मान्य आहे. पंचमाची गोष्ट थोडी वेगळी आहे. बृहत्पाराशर होराशास्त्रात पंचमाकडे संतती, विद्या, बुद्धी, मंत्र असे विषय दिलेले आहेत. त्या यादीत प्रणय नाही. पंचमाला प्रीतीचे स्थान म्हणण्यामागे दोन वाटा दिसतात. एक म्हणजे बुद्धी आणि मनाची आवड पंचमाकडे असल्याने आपली निवड आपण करण्याची वृत्तीही तिथूनच पाहावी, हा विस्तार. दुसरी वाट पाश्चात्त्य ज्योतिषाची. ग्रीक परंपरेत पाचवे स्थान शुक्राच्या आनंदाचे मानले जात असे आणि आधुनिक पाश्चात्त्य ज्योतिषात ते उघडपणे प्रेमप्रकरणांचे स्थान आहे. विसाव्या शतकातल्या भारतीय ज्योतिषलेखनात हे दोन्ही विचार एकमेकांत मिसळून गेले.

जुन्या ग्रंथांत प्रेमविवाह असा स्वतंत्र विषय नसण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. स्मृतिकारांनी विवाहाचे आठ प्रकार सांगितले आणि त्यांत परस्परांच्या इच्छेने होणाऱ्या गांधर्व विवाहाला जागा दिली. जातकग्रंथ मात्र पत्नी कशी असेल, विवाह कधी होईल, किती होतील, संसारसुख मिळेल का, असेच प्रश्न विचारतात. विवाह घरच्यांनीच जुळवायचा हे गृहीत असताना तो कोणी ठरवला, असा प्रश्न पत्रिकेला विचारण्याची गरज पडत नव्हती. आज सांगितले जाणारे प्रेमविवाहाचे बहुतेक योग हे जुन्या स्थानविचारावरून अलीकडच्या अभ्यासकांनी काढलेले निष्कर्ष आहेत.

नवमस्थान या प्रश्नात का येते, हे अनेकांना चटकन उमगत नाही. नवम हे धर्माचे स्थान. इथे धर्म या शब्दात घराण्याचे आचार, कुळाची रीत, गुरुजनांचा आशीर्वाद हे सगळे येते. पाराशरी परंपरेत पित्याचा विचारही नवमावरून होतो. महाराष्ट्रात अनेक ज्योतिषी पित्यासाठी दशमस्थान पाहतात, पण घराण्याची परंपरा आणि वडीलधाऱ्यांची कृपा यांसाठी नवमाकडेच वळतात. गणिताच्या दृष्टीनेही नवम या साखळीत नीट बसते. एखाद्या स्थानापासून तितक्याच क्रमांकाचे स्थान हे त्याचा परिणाम दाखवते, असा एक नियम आहे. पंचमापासून पाचवे मोजले की नवम येते. म्हणजे मनाने केलेल्या निवडीचे पुढे काय होते, हे नवमावरून पाहायचे.

संबंध जुळतो म्हणजे काय

दोन स्थानांचा संबंध जुळण्याचे काही ठरलेले मार्ग आहेत आणि त्यांच्या बळात उतरता क्रम आहे. सर्वांत बळकट मानतात तो अन्योन्य योग, म्हणजे दोन स्वामींनी एकमेकांच्या राशीत बसणे. त्यानंतर युती, म्हणजे दोन्ही स्वामी एकाच राशीत असणे. मग परस्परदृष्टी. प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या स्थानाला पाहतो, म्हणून समोरासमोर बसलेले दोन स्वामी एकमेकांना पाहतात. याशिवाय मंगळाला चौथी व आठवी, गुरूला पाचवी व नववी आणि शनीला तिसरी व दहावी अशा विशेष दृष्टी आहेत. शेवटी एकतर्फी संबंध येतो. त्यात एका स्थानाचा स्वामी दुसऱ्या स्थानात बसतो किंवा त्याला पाहतो, पण तिकडून प्रतिसाद नसतो.

या क्रमाचा अर्थ फलितात थेट उतरतो. पंचमेश आणि सप्तमेश यांचा अन्योन्य योग असेल तर आवड आणि विवाह यांची वाट एकच आहे, असे म्हटले जाते. पंचमेश नुसता सप्तमात असेल तर ओढ विवाहापर्यंत जाऊ पाहते, पण ती पोहोचेलच असे नाही. सप्तमेश पंचमात असेल तर जोडीदार ओळखीतून, शिक्षणाच्या ठिकाणी किंवा समान आवडीतून मिळतो, असे फल सांगतात. तो विवाह घरच्यांच्या पुढाकाराने झाला तरी दोघांची आधीची ओळख किंवा लवकर जुळलेले मन अपेक्षित धरले जाते.

नवमाचा संबंध या चित्राला दिशा देतो. सप्तमेश आणि नवमेश यांचा दुवा बळकट असून पंचमेश बाजूला राहिला असेल, तर विवाह घराण्याच्या रीतीने आणि मोठ्यांच्या शब्दाने होतो, असे वाचन केले जाते. पंचम, सप्तम आणि नवम ही तिन्ही एका धाग्यात आली, तर निवड स्वतःची आणि लग्न घरच्यांच्या संमतीने, असा निष्कर्ष निघतो. पंचम-सप्तम जुळले आहेत पण नवमावर शनी, राहू किंवा मंगळ यांचा ताण आहे आणि शुभग्रहाचा आधार नाही, अशा वेळी विरोध पत्करून केलेला विवाह संभवतो. पंचम बळकट असूनही सप्तमाशी त्याचा काहीच संबंध नसेल, तर प्रेम होते आणि विवाह दुसऱ्याशी होतो, असे सांगण्याची पद्धत आहे.

ग्रहांच्या स्वभावाने या चित्रात रंग भरतात. शुक्र हा प्रीतीचा आणि विवाहाचा कारक, म्हणून त्याची स्थिती सगळ्या सूत्रांच्या मुळाशी असते. मंगळ इच्छेला धाडस देतो. राहू चाकोरी मोडणारा मानला जातो. तो शुक्राशी किंवा सप्तमेशाशी जोडला गेला की जात, प्रांत, भाषा किंवा धर्म वेगळा असलेल्या व्यक्तीशी विवाह सुचवतात. शनी विलंब, वयातले अंतर आणि सामाजिक बंधन दाखवतो. गुरूची दृष्टी ज्या स्थानावर पडते तिथे संमती आणि समेटाची शक्यता धरतात. मात्र हे ग्रह स्वतंत्रपणे निर्णय देत नाहीत. स्वामींच्या संबंधातून जे चित्र उभे राहिले असेल, त्याचा तपशील तेवढा ते पुरवतात.

कृष्णमूर्ती पद्धती या नावाने ओळखली जाणारी आणि महाराष्ट्रातही बरीच वापरली जाणारी विसाव्या शतकातली पद्धत याच प्रश्नाकडे थोड्या वेगळ्या वाटेने जाते. तिथे विवाहासाठी द्वितीय, सप्तम आणि लाभ ही स्थाने पाहतात आणि त्यांच्या जोडीला पंचम लागू झाले की प्रेमविवाह म्हणतात. द्वितीय हे कुटुंबाचे आणि लाभ हे इच्छापूर्तीचे स्थान असल्याने विचाराचा गाभा फारसा बदलत नाही. नवमाचे वजन मात्र तिथे कमी होते.

एक पत्रिका उलगडून

नियम लावण्याची रीत दाखवण्यासाठी एक काल्पनिक पत्रिका घेता येईल. जन्म मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास, संध्याकाळी सातनंतरचा. लग्न मिथुन. रवी आणि बुध वृश्चिकेत, षष्ठस्थानात. चंद्र वृषभेत, रोहिणी नक्षत्राच्या मध्यावर. शुक्र आणि राहू धनूत, केतू मिथुनेत. गुरू तुळेत 8 अंशांवर, मंगळ कर्केत आणि शनी कुंभेत.

मिथुन लग्नाला पंचमात तूळ रास येते आणि तिचा स्वामी शुक्र. सप्तमात धनू, स्वामी गुरू. नवमात कुंभ, स्वामी शनी. म्हणजे पंचमेश शुक्र सप्तमात आणि सप्तमेश गुरू पंचमात बसला आहे. हा पंचम-सप्तमाचा अन्योन्य योग, संबंधांतला सर्वांत बळकट. शिवाय या लग्नाला शुक्र हा पंचमेशही आहे आणि प्रीतीचा कारकही, त्यामुळे त्याचे सप्तमात असणे दुहेरी अर्थाने मोजले जाते. पहिला निष्कर्ष इथेच निघतो : जोडीदाराची निवड स्वतःची असेल.

शुक्रासोबत राहू आहे. त्यामुळे निवड आपल्या वर्तुळाबाहेरची, बहुधा वेगळ्या जातीची किंवा प्रांताची असेल, असे ज्योतिषी म्हणेल. आता नवमाकडे यायचे. शनी कुंभेत, म्हणजे नवमेश स्वगृही आहे. घराण्याचा आचार भक्कम आहे आणि मोठ्यांचा शब्द त्या घरात चालतो, असा याचा अर्थ. कर्केतला मंगळ द्वितीय या कुटुंबस्थानात नीचीचा आहे. तिथून त्याची चौथी दृष्टी पंचमावर आणि आठवी दृष्टी नवमावर पडते. घरात या विषयावरून शब्दाला शब्द लागेल, हे त्यातून वाचले जाते. पण पंचमातल्या गुरूची पाचवी दृष्टीही नवमावरच आहे आणि नववी दृष्टी लग्नावर आहे. म्हणजे विवाहाचा स्वामी प्रीतीच्या स्थानात बसून कुळाच्या स्थानाकडे पाहतो. तिन्ही स्थाने एका धाग्यात आली आहेत. वाद होईल, वेळ लागेल, पण विवाह घर तोडून होणार नाही, असे उत्तर या पत्रिकेला दिले जाईल.

यानंतर नवांश तपासतात. प्रत्येक राशीचे 3 अंश 20 कलांचे नऊ भाग करून हे दुसरे चक्र मांडले जाते आणि विवाहाच्या प्रश्नात ते जन्मकुंडलीइतकेच मोलाचे मानतात. तुळेत 8 अंशांवरचा गुरू तिसऱ्या भागात येतो. तुळेचे नवांश तुळेपासूनच सुरू होतात, म्हणून तिसरा भाग धनूचा. सप्तमेश नवांशात स्वतःच्या राशीत आला, त्यामुळे कुंडलीत दिसलेला योग टिकाऊ आहे असे मानले जाते. तोच गुरू तुळेत 12 अंशांवर असता तर मकर नवांशात, म्हणजे आपल्या नीच राशीत गेला असता आणि अन्योन्य योग कागदावर तसाच राहूनही ज्योतिष्याने त्याचे वजन कमी केले असते. चार अंशांच्या फरकाने वाचन बदलते, ते असे.

आता काळ. चंद्र रोहिणीच्या मध्यावर असल्याने जन्मवेळी दहा वर्षांच्या चंद्र महादशेतली पाच वर्षे शिल्लक होती. पुढे मंगळाची सात वर्षे धरली की वयाच्या बाराव्या वर्षी राहूची अठरा वर्षांची महादशा सुरू होते. राहू सप्तमात आहे. त्याच्या महादशेत शुक्राची तीन वर्षांची अंतर्दशा साधारण साडेतेवीस ते साडेसव्वीस या वयात येते. महादशास्वामी आणि अंतर्दशास्वामी दोघेही सप्तमात असलेले ग्रह, म्हणून विवाहाचा काळ इथे धरतात. गोचरही तपासतात. गुरूला राशिचक्र फिरायला जवळपास बारा वर्षे लागतात, त्यामुळे चोविसाव्या वर्षी तो पुन्हा तुळेत, पंचमात येतो आणि सव्विसाव्या वर्षाच्या आसपास धनूत, सप्तमात पोहोचतो. साडेएकोणतीस वर्षांत फेरी पूर्ण करणारा शनीही त्या सुमारास धनूतच असतो. म्हणून चोविसाव्या वर्षी नाते पक्के होईल आणि सव्विसाव्याच्या मागेपुढे घरचे होकार देऊन विवाह होईल, असे भाकीत मांडले जाते.

याच मिथुन लग्नाची दुसरी काल्पनिक पत्रिका शेजारी ठेवली की फरक ठळक होतो. तिच्यात गुरू कर्केत, शनी धनूत आणि शुक्र कन्येत आहे. तिन्ही स्थानांचे स्वामी तेच आहेत, फक्त जागा बदलल्या आहेत. सप्तमेश गुरू कुटुंबस्थानात उच्चीचा आहे. नवमेश शनी स्वतः सप्तमात बसला आहे, म्हणजे कुळाचा स्वामी विवाहाच्या घरात आला आहे. पंचमेश शुक्र चतुर्थात नीचीचा आहे, शिवाय आपल्या पंचमस्थानापासून बाराव्या जागी गेला आहे, आणि शनीची दहावी दृष्टी त्याच्यावर आहे. गुरूची दृष्टी ना शुक्रावर आहे, ना पंचमावर. आवडीचा विवाहाशी सरळ दुवा उरलेला नाही, आणि जो आहे तो मोठ्यांच्या नजरेखालून जातो. इथे ज्योतिषी ठरवून केलेला विवाह सांगेल, तोही सप्तमातल्या शनीमुळे थोडा उशिरा. मन आधी कुठे गुंतलेच नसेल, असे मात्र तो म्हणणार नाही. नीचीचा असला तरी शुक्र घराच्या, म्हणजे चतुर्थाच्या आत आहे. त्यामुळे ते गुंतणे घरात बोलले गेले नसेल, एवढेच तो म्हणेल.

वाचन कुठे फसते

पहिली चूक योगाची दुर्मीळता न तपासण्याची. कुंभ लग्नाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या लग्नाला पंचमेश बुध आणि सप्तमेश रवी. आकाशात बुध सूर्यापासून 28 अंशांपेक्षा जास्त दूर कधीच जात नाही. साहजिकच हे दोघे जवळजवळ निम्म्या वेळा एकाच राशीत सापडतात. पंचमेश-सप्तमेश युती म्हणजे प्रेमविवाह, हे सूत्र जसेच्या तसे लावले तर कुंभ लग्नाच्या निम्म्या लोकांचे प्रेमविवाह व्हायला हवेत. धनू लग्नाला नेमके उलटे घडते. तिथे सप्तमेश बुध आणि नवमेश रवी, म्हणून त्याच न्यायाने त्यांच्यापैकी निम्म्यांचे विवाह मोठ्यांच्या आज्ञेने व्हायला हवेत. वृषभ लग्नाला मात्र पंचमेश बुध आणि सप्तमेश मंगळ असल्याने त्यांची युती बारांतून एखाद्याच पत्रिकेत आढळते. एकच योग एका लग्नाला सामान्य आणि दुसऱ्याला विरळा असतो. म्हणून जाणकार ज्योतिषी कुंभ लग्नाला रवी-बुध युती जवळपास मोजतच नाही. तिथे तो शुक्राची, म्हणजे नवमेशाची जागा आणि दशा पाहून मगच बोलतो.

दुसरी चूक संबंधांची यादी लांबवण्याची. युती, प्रतियोग, पंचमेश सप्तमात, सप्तमेश पंचमात हे चारच प्रकार धरले आणि ग्रह एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात असे मानले, तरी साधारण तीन-साडेतीन पत्रिकांमागे एका पत्रिकेत काही ना काही पंचम-सप्तम दुवा निघतो. त्यात विशेष दृष्टी, चंद्रापासूनची स्थाने आणि नवांश मिळवले की दुवा नसलेली पत्रिका सापडणेच अवघड होते. विवाह होऊन गेल्यावर पत्रिकेत त्याचे कारण नेहमी सापडते, ते यामुळे. म्हणून संबंध आहे की नाही यापेक्षा तो कोणत्या दर्जाचा आहे, आणि विरुद्ध बाजूचा सप्तम-नवम दुवा त्याहून बळकट तर नाही ना, ही तुलना आधी करावी लागते.

तिसरी अडचण जन्मवेळेची. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकते, त्यामुळे नवांशातले लग्न सुमारे तेरा मिनिटांत बदलते. जन्मवेळ अंदाजे पाच-दहा मिनिटे पुढेमागे नोंदली गेली असेल तर नवांशातले सप्तमस्थान वेगळेच निघू शकते. जन्मलग्न राशीच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटाला असेल तर काही मिनिटांच्या फरकाने लग्नरासच बदलते आणि तिन्ही स्वामी बदलून जातात. वरच्या उदाहरणातली मिथुन लग्नाची पत्रिका कर्क लग्नाची झाली तर पंचमेश मंगळ, सप्तमेश शनी आणि नवमेश गुरू होईल आणि अन्योन्य योगाचा अर्थच उरणार नाही. म्हणून लग्नाचे अंश विचारल्याशिवाय या प्रश्नाला हात घालणे घाईचे ठरते.

चौथी अडचण गणिताच्या पायाची. भारतात बहुतेक पंचांगे चित्रापक्ष अयनांश वापरतात. महाराष्ट्रात टिळक पंचांग मात्र रैवत पक्षाचे आहे, आणि दोन्हींच्या अयनांशांत साधारण 4 अंशांचा फरक आहे. त्यामुळे राशीच्या कडेजवळचा ग्रह एका पंचांगाने एका राशीत आणि दुसऱ्याने शेजारच्या राशीत पडतो. एकाच व्यक्तीच्या दोन पत्रिकांत शुक्र वेगवेगळ्या स्थानात दिसला, तर ज्योतिष्यांच्या मतभेदाआधी हा फरक तपासायला हवा. राशिकुंडली आणि भावचलित यांतही ग्रह एका स्थानाने सरकलेला दिसू शकतो. अशा वेळी स्वामित्व राशीवरून आणि फल चलितावरून पाहण्याची प्रथा अनेक जण पाळतात.

या सगळ्यापलीकडे एक मोठी मर्यादा उरते. देशात अजूनही बहुसंख्य विवाह घरच्यांच्या पुढाकाराने होतात. त्यामुळे पत्रिका न पाहता सरसकट सगळ्यांना ठरवून विवाह होईल असे सांगणारा माणूसही बहुतेक वेळा बरोबर ठरेल. एखाद्या ज्योतिष्याची अचूकता मोजायची तर अशा अंदाजापेक्षा तो किती पुढे जातो, हे पाहावे लागते. फलज्योतिषाची अशी मोजदाद पुण्यात झाली होती. 2008 साली जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून 27 ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 पत्रिका ओळखायला दिल्या. सरासरी यश निम्म्याहूनही कमी निघाले, म्हणजे नाणे उडवून जेवढे मिळेल तेवढेही नाही. ती चाचणी बुद्धीची होती, विवाहाच्या प्रकाराची नव्हती. पण बुद्धी हाही पंचमस्थानाचाच विषय असल्याने तिचा निकाल इथेही दृष्टीआड करता येत नाही.

शिवाय विवाहाचे दोनच प्रकार असतात, हे गृहीतही आता टिकत नाही. विवाहसंस्थेच्या संकेतस्थळावर दोघांनी एकमेकांना शोधले, काही महिने भेटले, मग घरच्यांनी बैठक घालून याद्या केल्या, तर तो विवाह कोणत्या खान्यात घालायचा? आधीपासूनच्या ओळखीतून जमलेले लग्न पत्रिका जुळवून, मानपानासह ठरवून केल्यासारखेच पार पडते, हेही नित्याचे आहे. तीन स्थानांची रचना अशा मिश्र वास्तवाला दोन खान्यांपेक्षा जास्त जागा देते, कारण ती मुळात तीन वेगळे प्रश्न विचारते : निवड कोणाची, विवाह घडतो का आणि घर सोबत येते का. या तिघांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात. ज्योतिष्याकडे जाणाऱ्याने एका शब्दाच्या उत्तरावर न थांबता या तीन प्रश्नांची उत्तरे निरनिराळी मागितली आणि प्रत्येकाला कोणत्या स्वामीचा, कोणत्या दर्जाचा संबंध आधार आहे हे विचारले, तर निदान समोरचा माणूस पत्रिका वाचतो आहे की पाठ केलेले सूत्र सांगतो आहे, एवढे तरी स्पष्ट होते.